जवळची वाट आणि हीपमधल्या शिळ्या नोंदी

१९५६ साली ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये आर्मॅक नावाच्या नव्या संगणकाच्या उद्घाटनाची तयारी चालली होती. समारंभाला येणारे पाहुणे काही गणिती नव्हते. ज्याचा प्रश्नही त्यांना कळेल आणि उत्तरही पटेल, असे काहीतरी या यंत्राकडून करून दाखवायचे होते. तिथल्या एड्सगर डायक्स्ट्रा या तरुण प्रोग्रॅमरने साधा प्रश्न निवडला: नेदरलँड्समधल्या एका शहरातून दुसऱ्या शहराला जायचे तर सर्वांत जवळचा रस्ता कोणता? उत्तर काढण्याची रीत त्याला एका सकाळी सुचली. होणाऱ्या पत्नीबरोबर खरेदी करून दमल्यावर दोघे एका कॅफेबाहेर कॉफी प्यायला बसले होते. कागद-पेन्सिल हाताशी नसताना, वीसेक मिनिटांत, त्याने ती मनातल्या मनात जुळवली. १९५९ मध्ये ती अवघ्या तीन पानांच्या लेखात छापून आली.

प्रात्यक्षिकासाठी त्याने नकाशावरची ६४ शहरे घेतली. ६४च का, तर शहराचा क्रमांक सहा बिटांत बसावा म्हणून. इतक्या लहान नकाशावर प्रत्येक टप्प्याला सगळी शहरे तपासून 'आता सर्वांत जवळचे कोणते' हे शोधले, तरी ६४ वेळा ६४, म्हणजे चार हजारांच्या आसपास तपासण्या होतात.

आता दुसरे टोक पाहा. संशोधक आपले प्रोग्रॅम ज्यावर पारखतात त्या अमेरिकेच्या रस्त्यांच्या एका प्रसिद्ध नकाशात २ कोटी ३९ लाख ४७ हजार ३४७ ठिकाणे आहेत आणि त्यांना जोडणारे ५ कोटी ८३ लाख एकेरी दुवे. तिथे सगळी ठिकाणे पुन्हा पुन्हा तपासत बसले, तर सेकंदाला शंभर कोटी तपासण्या करणाऱ्या संगणकालाही साडेसहा दिवस लागतील. डायक्स्ट्राची तीच रीत काही सेकंदांवर आणता येते. त्यासाठी रीत बदलावी लागत नाही. बदलावे लागते ते माहिती मांडून ठेवण्याचे तंत्र. सी भाषेत ते तंत्र दोन गोष्टींवर उभे राहते: शेजाऱ्यांच्या याद्या, म्हणजे ॲडजेसन्सी लिस्ट, आणि बायनरी हीप.

सात शहरांचा नकाशा

उदाहरण नेदरलँड्समधलेच घेऊ: रॉटरडॅमहून उत्तरेकडच्या ग्रोनिंगनला जायचे आहे. पुढची अंतरे आजच्या रस्त्यांची, अंदाजे आणि हिशेबाच्या सोयीसाठी ढोबळ केलेली आहेत.

- रॉटरडॅम – उट्रेख्त: ६० किमी
- रॉटरडॅम – ॲमस्टरडॅम: ८० किमी
- उट्रेख्त – ॲमस्टरडॅम: ४५ किमी
- उट्रेख्त – आमर्सफोर्ट: २२ किमी
- ॲमस्टरडॅम – झ्वोले: ११० किमी
- ॲमस्टरडॅम – लेवार्डन: १४० किमी
- आमर्सफोर्ट – झ्वोले: ७० किमी
- झ्वोले – लेवार्डन: ९५ किमी
- झ्वोले – ग्रोनिंगन: १०५ किमी
- लेवार्डन – ग्रोनिंगन: ६० किमी

संगणकाच्या भाषेत हा झाला ग्राफ. शहरे म्हणजे नोड, रस्ते म्हणजे एज आणि किलोमीटर म्हणजे त्या एजचे वजन. वजन किलोमीटरचेच असले पाहिजे असे नाही. मिनिटे किंवा टोलचे पैसे धरले तरी रीत तीच.

डायक्स्ट्राची रीत समजायला अशी कल्पना करा, की रॉटरडॅमहून सगळ्या रस्त्यांनी एकाच वेगाने माणसे चालत निघाली आहेत आणि प्रत्येक फाट्यावर त्यांच्या तुकड्या होऊन त्या सगळ्या वाटांनी पुढे जात आहेत. एखाद्या शहरात जो सर्वांत आधी पोचेल त्याची वाट सर्वांत जवळची. प्रोग्रॅम हेच करतो, फक्त तो मधला वेळ वगळून एका पोचण्यावरून थेट पुढच्या पोचण्यावर उडी मारतो. प्रत्येक शहरासाठी 'आतापर्यंत सापडलेले कमीत कमी अंतर' तो लिहून ठेवतो. ज्याचे निकाल अजून लागलेले नाहीत त्या शहरांतले सर्वांत कमी अंतराचे शहर निवडतो, त्याचे अंतर पक्के करतो आणि मग तिथून शेजाऱ्यांपर्यंतची अंतरे सुधारतात का ते बघतो.

पक्के केलेले अंतर नंतर चुकीचे ठरणार नाही, हे कशावरून? बाकीच्या सगळ्या उमेदवारांची अंतरे याच्याइतकी किंवा याहून मोठी आहेत. त्यांच्यावरून वळसा घालून यायचे तर अंतरात भरच पडणार, कारण कोणत्याच रस्त्याची लांबी शून्याखाली नाही. सगळा युक्तिवाद या एका अटीवर उभा आहे. वजने ऋण असू शकतील, उदाहरणार्थ काही दुव्यांवर खर्चाऐवजी पैसे परत मिळत असतील, तर ही रीत वापरायची नाही. तिथे बेलमन-फोर्ड ही वेगळी, संथ रीत लागते.

शेजाऱ्यांची यादी

नकाशा संगणकात ठेवण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे चौकटींचा तक्ता: जितकी शहरे तितक्या ओळी, तितकेच स्तंभ आणि प्रत्येक चौकटीत अंतर. सात शहरांना ४९ चौकटी. अमेरिकेच्या त्या नकाशाला मात्र प्रत्येक चौकटीस चार बाइट धरले, तरी सुमारे २,३०० टेराबाइट जागा लागेल, आणि जवळजवळ सगळ्या चौकट्या रिकाम्या असतील. सरासरीने पाहिले तर तिथल्या एका ठिकाणाहून अडीचदेखील दुवे निघत नाहीत.

म्हणून प्रत्येक नोडसाठी फक्त खऱ्या शेजाऱ्यांची साखळी ठेवायची:

```c
struct arc {
    int to, w;
    struct arc *next;
};
struct arc *adj[N];
```

`adj[u]` हा पॉइंटर `u` या शहराच्या पहिल्या दुव्याकडे बोट दाखवतो आणि त्या दुव्यातला `next` पुढच्याकडे. दुहेरी रस्ता दोन्ही टोकांच्या यादीत नोंदवायचा, म्हणून आपल्या दहा रस्त्यांचे वीस दुवे होतात. एकच टोक नोंदवायचे राहून गेले तर प्रोग्रॅम कुरकुर करत नाही. त्याच्या दृष्टीने तो एकेरी रस्ता असतो. उत्तर अवाच्या सवा लांब आले, की आधी इथेच पाहावे.

६४ बिटांच्या संगणकावर अशी एक नोंद १६ बाइटांची होते, म्हणजे अमेरिकेचे सगळे दुवे एका गिगाबाइटच्या आत बसतात. पण प्रत्येक दुव्यासाठी वेगळा `malloc` केला, तर लिनक्सवरच्या नेहमीच्या लायब्ररीत त्या १६ बाइटांच्या नोंदीमागे प्रत्यक्षात ३२ बाइट खर्ची पडतात. शिवाय नोंदी मेमरीत विखुरतात आणि त्या गोळा करायला प्रोसेसरला वाट पाहावी लागते. दुव्यांची संख्या आधीच माहीत असेल तर सगळ्या नोंदींचा एकच मोठा ॲरे एकदम मागून घ्यावा आणि साखळ्या त्याच्या आत ओवाव्यात.

सर्वांत लहान नेहमी वर

आता उरला प्रश्न निवडीचा: सर्वांत कमी अंतराचे शहर झटपट कसे मिळेल? १९६४ मध्ये जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी क्रमवारी लावण्याच्या एका रीतीसाठी हीप ही रचना मांडली. तीच इथे कामी येते.

हीप हे एक झाड आहे. त्यात प्रत्येक नोंद आपल्या खालच्या दोन नोंदींपेक्षा लहान किंवा त्यांच्याइतकीच असते. बस, इतकीच अट. डावीकडची नोंद उजवीकडचीपेक्षा लहान हवी वगैरे काही नाही. पूर्ण क्रमवारी लावण्याचे कष्ट हीप घेत नाही, म्हणूनच तो स्वस्त पडतो. आणि हे झाड साध्या ॲरेत राहते, पॉइंटर लागतच नाहीत: जागा `i` वरच्या नोंदीची मुले `2*i+1` आणि `2*i+2` या जागांवर, तर पालक `(i-1)/2` वर.

नवी नोंद शेवटी ठेवायची आणि पालकापेक्षा लहान असेल तोवर वर सरकवायची:

```c
void push(long long d, int v) {
    int i = size++;
    while (i > 0 && heap[(i-1)/2].d > d) {
        heap[i] = heap[(i-1)/2];
        i = (i-1)/2;
    }
    heap[i].d = d;
    heap[i].v = v;
}
```

काढताना शेंड्यावरची, म्हणजे सर्वांत लहान नोंद उचलायची, तिच्या जागी ॲरेतली शेवटची नोंद आणायची आणि ती दोन मुलांपैकी धाकट्या मुलाशी अदलाबदल करत खाली उतरवायची. 'धाकट्या' हा शब्द महत्त्वाचा. चुकून मोठे मूल वर घेतले तर ते आपल्या धाकट्या भावंडाच्या डोक्यावर बसते आणि हीपची अट मोडते. तरीही काही उदाहरणांत उत्तर बरोबर येते, त्यामुळे ही चूक लवकर हाती लागत नाही. ती पकडायचा खात्रीचा उपाय म्हणजे हजारभर आकडे हीपमध्ये टाकून ते काढताना चढत्या क्रमाने येतात का ते पाहणे.

झाडाची उंची फार वाढत नाही, कारण प्रत्येक मजल्यावर नोंदी दुप्पट होतात. ५ कोटी ८३ लाख नोंदी झाल्या तरी उंची २६च्या आसपास. म्हणजे अमेरिकेच्या नकाशावर टाकणे आणि काढणे मिळून, फार झाले तर, तीनशे कोटी पायऱ्या. साडेसहा दिवसांचे काम सेकंदांवर आले ते इथे.

झ्वोलेची १९० किलोमीटरची नोंद

आतापर्यंत सारे सुरळीत आहे. गाठ पडते ती एका ठिकाणी. हीपमध्ये आधीच असलेल्या शहरासाठी आणखी जवळची वाट सापडली तर काय करायचे? आपला प्रवास चालवून पाहू.

रॉटरडॅम ० वर पक्के होते. हीपमध्ये उट्रेख्त ६० आणि ॲमस्टरडॅम ८० जातात. आधी उट्रेख्त बाहेर येते. तिथून ॲमस्टरडॅम १०५ पडते. हाती असलेल्या ८०पेक्षा ते वाईट, म्हणून सोडून दिले. आमर्सफोर्ट मात्र नवे, ८२. पुढचे लहान ॲमस्टरडॅम, ८०. त्याने झ्वोले १९० आणि लेवार्डन २२० अशा दोन नोंदी टाकल्या. मग आमर्सफोर्ट ८२ वर पक्के होते, आणि तिथून झ्वोले १५२ वर येते. पण हीपमध्ये झ्वोलेची १९०ची नोंद आधीच बसलेली आहे.

एक उपाय म्हणजे ती नोंद शोधून तिचा आकडा कमी करायचा आणि तिला वर सरकवायचे. पण हीपमध्ये 'झ्वोले कुठे आहे' हे कळत नाही, कारण ती रचना फक्त सर्वांत लहानाची हमी देते. त्यासाठी कोणते शहर हीपच्या कोणत्या जागेवर आहे याचा वेगळा ॲरे ठेवावा लागतो आणि हीपमध्ये काहीही हलले, की तोही बदलावा लागतो. एका ठिकाणी तो बदलायचा राहिला, तर पुढे भलत्याच शहराचा आकडा कमी होतो आणि चूक कुठे झाली ते उमगत नाही.

दुसरा उपाय सोपा आहे: जुनी नोंद आहे तिथे राहू द्यायची आणि १५२ची नवी नोंद टाकायची. एकाच शहराच्या दोन नोंदी झाल्या, तरी लहान आधी बाहेर येईल. जुनी जेव्हा येईल तेव्हा ती शिळी आहे हे ओळखून फेकून द्यायची. मुख्य भाग एवढाच:

```c
while (size > 0) {
    struct item t = pop();
    if (t.d > dist[t.v]) continue;
    for (struct arc *a = adj[t.v]; a; a = a->next) {
        long long nd = t.d + a->w;
        if (nd < dist[a->to]) {
            dist[a->to] = nd;
            prev[a->to] = t.v;
            push(nd, a->to);
        }
    }
}
```

सुरुवातीला सगळ्या शहरांचे `dist` एका प्रचंड आकड्यावर ठेवायचे, फक्त रॉटरडॅमचे शून्य, आणि रॉटरडॅमची नोंद हीपमध्ये टाकायची. पुढचा प्रवास असा होतो: झ्वोले १५२ वर बाहेर येते. त्याच्यावरून लेवार्डन २४७ पडते, ते २२०पेक्षा वाईट. ग्रोनिंगन २५७ आत जाते. मग शेंड्यावर येते ती झ्वोलेची १९०ची शिळी नोंद. `dist` मध्ये झ्वोलेसमोर १५२ लिहिलेले आहे. १९० त्याहून मोठे, म्हणून `continue`. त्यानंतर लेवार्डन २२०. त्याच्यामार्गे ग्रोनिंगन २८० पडते, ते नको. शेवटी ग्रोनिंगन २५७ वर पक्के. `prev` मधून उलटे चालत गेले की वाट मिळते: ग्रोनिंगन, झ्वोले, आमर्सफोर्ट, उट्रेख्त, रॉटरडॅम.

झ्वोलेचे अंतर पहिल्यांदा हाती आले तेव्हा ते १९० होते, खरे १५२. म्हणून 'मुक्कामाचे शहर दिसले, की थांबा' असे लिहिणारा प्रोग्रॅम फसतो. शहर हीपमधून बाहेर येईल तेव्हाच थांबायचे.

बिनबोभाट चुका

ती `continue`ची ओळ गाळली तर काय होईल? उत्तर तरीही बरोबरच येईल. शिळ्या नोंदीचे अंतर जास्त असल्यामुळे तिच्यावरून कोणाचेही अंतर सुधारत नाही. फक्त शेजाऱ्यांची सगळी यादी उगाच पुन्हा चाळली जाते. झ्वोलेला चार शेजारी, तिथे काहीच जाणवत नाही. पण हजार दुवे असलेल्या एखाद्या मोठ्या केंद्राच्या हजार नोंदी हीपमध्ये असतील, तर हजाराऐवजी दहा लाख दुवे चाळावे लागतात. चाचण्या सगळ्या पास आणि प्रोग्रॅम मात्र रांगतोय, अशी ही चूक दिसते.

दुसरी चूक हीपच्या आकाराची, आणि सीमध्ये ती महागात पडते. शहरे सात, म्हणून हीपसाठी सात जागा, असे सहज लिहिले जाते. पण शिळ्या नोंदी ठेवायच्या तर एका शहराच्या अनेक नोंदी होतात. प्रत्येक दुवा जास्तीत जास्त एकदा नोंद टाकतो. त्यामुळे खात्रीची मर्यादा म्हणजे दुवे अधिक एक, आपल्या नकाशात २१. गंमत अशी, की आपल्या प्रवासात हीपमध्ये एका वेळी तीनपेक्षा जास्त नोंदी कधीच नव्हत्या, आणि रस्त्यांच्या मोठ्या नकाशांवरही हीप सहसा छोटाच राहतो. म्हणून ही चूक महिनोन्महिने लपून राहू शकते. पुढे कधीतरी दाट जोडणीचा ग्राफ येतो, ॲरेची हद्द ओलांडून नोंद लिहिली जाते आणि शेजारचा भलताच डेटा बिघडतो. सी भाषा अशा वेळी अवाक्षर काढत नाही. `gcc -g -fsanitize=address` असे कंपाइल केले, की प्रोग्रॅम नेमक्या त्या ओळीवर थांबतो. चाचणीसाठी मात्र खरोखर दाट ग्राफ द्यायला हवा.

तिसरी चूक त्या प्रचंड आकड्याची. `int` मध्ये `INT_MAX` ठेवून त्यात रस्त्याची लांबी मिळवली तर बेरीज मर्यादेबाहेर जाते. सीच्या नियमांप्रमाणे पुढे काय होईल याची हमी नाही. बहुतेकदा ती ऋण आकड्यावर उलटते आणि जिथे पोचताच येत नाही ते शहर सर्वांत जवळचे ठरते. उत्तरात ऋण अंतर दिसले, की हाच संशय घ्यावा. वरच्या मांडणीत हा धोका टळतो, कारण हीपमध्ये फक्त खरोखर पोचलेली शहरेच जातात आणि बेरीज `long long` मध्ये होते.

हीप सगळीकडेच फायद्याचा, असेही नाही. ग्राफ इतका दाट असेल की जवळजवळ प्रत्येक नोड प्रत्येकाशी जोडलेला आहे, तर हीपची उठाठेव महाग पडते. तिथे डायक्स्ट्राने ६४ शहरांवर केली तशी साधी तपासणीच सरस ठरते. आणि मोबाइलवरचे नकाशे तर देशभराच्या प्रवासाचे उत्तर क्षणार्धात देतात. त्यांना हीप लावूनही ही रीत पुरत नाही, कारण ती ग्रोनिंगनच्या दिशेने जितकी पसरते तितकीच उलट दिशेनेही. १९६८ साली मांडलेली ए-स्टार ही रीत मुक्कामाच्या दिशेचा अंदाज मिसळते, तर अलीकडच्या पद्धती महत्त्वाच्या रस्त्यांची तयारी आधीच करून ठेवतात. त्यांच्या पोटात मात्र हीच वर्तुळासारखी वाढणारी शोधाशोध असते.

उत्तर बरोबर आहे हे कसे ठरवायचे?

कोट्यवधी ठिकाणांचे उत्तर माणूस हाताने तपासू शकत नाही. पण या प्रश्नाचे एक भाग्य आहे: उत्तर शोधणे अवघड असले, तरी पारखणे सोपे आहे आणि त्याला हीपही लागत नाही. सगळ्या दुव्यांवरून एकदाच फिरायचे. `u` पासून `v` पर्यंत `w` लांबीचा दुवा असेल आणि `u` पर्यंत पोचता येत असेल, तर `dist[v]` हे `dist[u] + w` पेक्षा मोठे असता कामा नये. तसे ते असेल, तर तिथे जवळची वाट हुकली आहे. मग पोचलेल्या प्रत्येक शहरासाठी, सुरुवातीचे सोडून, `prev` कडून येणाऱ्या दुव्याची लांबी मिळवून अंतर तंतोतंत जुळते का ते पाहायचे. जुळत नसेल तर तो आकडा कोणत्याही खऱ्या वाटेचा नाही. रस्त्यांच्या लांबी शून्याहून मोठ्या असताना सुरुवातीच्या शहराचे अंतर शून्य आणि या दोन्ही अटी पाळलेल्या, एवढे दिसले की सापडलेली अंतरे बरोबर आहेत. ती कशी काढली याला मग महत्त्व उरत नाही.

आपल्या नकाशात लेवार्डन – ग्रोनिंगन दुव्यावर पाहा: २२० अधिक ६० म्हणजे २८०, आणि ग्रोनिंगनचे अंतर २५७, पहिली अट पाळली गेली. झ्वोलेकडून १५२ अधिक १०५ बरोबर २५७, दुसरीही जुळली. उरलेले दुवे असेच तपासायचे. वीस दुव्यांना क्षणभर लागतो आणि ५ कोटी ८३ लाखांनाही फारसा वेळ लागत नाही. प्रोग्रॅमच्या शेवटी दहा ओळींची ही पारख ठेवली, तर हीप उलटा लिहिला गेला असो की बेरीज ऋणात गेली असो, चुकीचे अंतर तिच्या नजरेतून सुटत नाही. तिला न दिसणाऱ्या गोष्टी दोनच: याद्यांत नोंदवायचाच राहिलेला किंवा त्यांतून हरवलेला रस्ता, आणि गाळलेल्या `continue`मुळे वाया गेलेला वेळ.